रविवारी, पावसात, नेट नसताना सोन्याचा भाव सांगायचा कसा?

जांबोटीच्या पुढं, घाटाच्या अंगाला आमचं गाव आहे. जुलैत तिथं पाऊस बसला की आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि मोबाईल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा उरतो. मी बेळगावात शहापूरला एका सराफी पेढीवर बिलं लिहायचं काम करतो. त्या आठवड्यात रोपलावणीसाठी गुरुवारी संध्याकाळी गावी आलो, आणि रविवारी सकाळी शेजारची अक्का डोक्यावर इरलं घेऊन दारात उभी राहिली.

"आज सोनं काय भाव चाललंय रे? तू पेढीवरचा माणूस, तुला ठाऊक असणार."

मला ठाऊक नव्हता. तीन दिवस नेट नव्हतं, पेपर आला नव्हता. अशा वेळी माणसं दोन तऱ्हेनं उत्तर देतात. एक, "मला काय माहीत, नेट कुठाय?" म्हणून मोकळं होतात. दोन, गुरुवारचा आकडा आजचा म्हणून ठोकून देतात. पहिल्यानं अक्का रिकाम्या हातानं परत जाते, दुसऱ्यानं चुकीचा आकडा घेऊन जाते. तिसऱ्या तऱ्हेचं उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा आजच्या आकड्याइतकंच उपयोगी पडतं. ते कसं काढायचं ते या एका रविवारच्या हिशेबावरून सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव वेगळा असणार, तेव्हा इथली रक्कम नको, रीत घ्या.

आधी, माझ्याकडं काय होतं

खिशातल्या डायरीत गुरुवारी पेढी बंद करताना लिहिलेली एक ओळ होती: 24 कॅरट, 10 ग्रॅम, 96,000, जीएसटी सोडून, गुरुवार संध्याकाळ. ही एक ओळ नसती तर पुढचं काहीच करता आलं नसतं. तिच्यात पाच गोष्टी आहेत बघा: शुद्धता, वजन, रक्कम, कर आत की बाहेर, आणि वेळ. नुसतं "96,000" लिहिलं असतं तर तीन दिवसांनी माझा मलाच अर्थ लागला नसता.

हे मी चूक करून शिकलोय. पेढीवर नवीन असताना एकाचा फोन आला, "आजचा भाव?" मी फलकावरचा 24 कॅरटचा आकडा सांगितला आणि फोन ठेवला. तो माणूस बायकोच्या बांगड्या घेऊन दुसरीकडं मोडायला गेला. बांगड्या 22 कॅरटच्या, तिथं त्यांनी 22 चा भाव लावला, आणि याला वाटलं आपल्याला फसवतायत. भर दुकानात मोठा वाद झाला. त्या दुकानाची काही चूक नव्हती. चूक माझ्या अर्धवट उत्तराची होती.

सीमेवरचा खास घोळ

आमच्या भागात हा अर्धवटपणा जास्त महागात पडतो, कारण आम्ही दोन सवयींच्या मध्ये राहतो. कर्नाटकात बहुधा 22 कॅरटचा 1 ग्रॅमचा भाव बोलतात. कन्नड पेपरात, बेंगळूरच्या जाहिरातीत तोच ठळक असतो. कोल्हापूरकडं गेलं की बोलणं तोळ्यावर येतं, म्हणजे आता 10 ग्रॅमवर, आणि ते बहुधा 24 कॅरटचं असतं; कुणी जीएसटी धरून सांगतं, कुणी सोडून. निपाणीचा माणूस सकाळी एक आकडा ऐकतो, दुपारी कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, दुसरा ऐकतो, आणि गावी येऊन सांगतो की बेळगावात सोनं दहा-अकरा हजारांनी स्वस्त आहे.

त्या रविवारीही नेमकं हेच झालं. अक्कापाठोपाठ तात्या आले आणि म्हणाले, "माझ्या मेव्हण्यानं गुरुवारी कोल्हापुरात 98,880 विचारून ठेवलाय. आणि खानापुरात 8,800 नं ग्रॅम होता, म्हणजे तोळ्याला 88,000. मग आपल्याकडंच घेतलेलं बरं की!"

अशा वेळी भांडत बसायचं नाही, मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागायचं. भागाकार स्वतःच सांगतो की फरक कशाचा आहे. उत्तर 1.03 च्या जवळ आलं तर एकानं 3 टक्के जीएसटी धरलाय आणि दुसऱ्यानं धरलेला नाही. 1.09 आलं तर एक आकडा 24 कॅरटचा आणि दुसरा 22 चा, कारण 24 ला 22 नं भागलं की तेवढंच येतं. 1.12 आलं तर दोन्ही एकदम झालंय. आणि 1.17 च्या आसपास आलं तर कुणीतरी जुना तोळा धरलाय. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, 12 मासे किंवा 96 गुंजांचा. बाजारानं तो सोडून बरीच वर्षं झाली, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आणि जुन्या याद्यांत तो अजून आहे. आजीच्या यादीत "चार तोळे" लिहिलेलं असेल तर ते 40 ग्रॅम की साडेशेहेचाळीस, हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

तात्यांचे आकडे भागले: 98,880 भागिले 88,000, उत्तर 1.1236. म्हणजे कोल्हापूरचा 24 कॅरट करासकट, खानापूरचा 22 कॅरट कराशिवाय. मग उलट करून बघितलं. 98,880 मधून 3 टक्के कर काढला की 96,000, म्हणजे माझ्या डायरीतलाच आकडा. 8,800 ला 22 नं भागून 24 नं गुणलं की 9,600 रुपये ग्रॅम, म्हणजे 10 ग्रॅमला पुन्हा 96,000. तिन्ही भाव एकच होते. दोन गावांच्या भावात थोडा फरक खरोखर असतो, पण तो शेकड्यात मोजायचा. हजारांत दिसला की आधी भागाकार करायचा.

नेट नसताना हा भागाकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गावात तीन माणसांकडं तीन शिळे आकडे असतात आणि कुणालाच खात्री नसते. ते एका मापावर आणले की बहुतेकदा एकमेकांशी जुळतात, आणि तीन कच्च्या आकड्यांतून एक पक्का आकडा हाती लागतो.

तीन दिवस म्हणजे किती दिवस?

आता हातात गुरुवार संध्याकाळचा पक्का भाव होता आणि प्रश्न रविवारचा होता. मधे तीन दिवस गेले असं वाटतं. पण भाव कॅलेंडरनं हलत नाही, बाजार उघडा असेल तेवढाच हलतो. जगातला सोन्याचा मोठा बाजार आपल्या शुक्रवारी रात्री उशिरा बंद होतो आणि सोमवारी पहाटे उघडतो. शनिवारी सकाळी इथल्या फलकावर जो भाव लागतो त्यात शुक्रवारच्या रात्रीचं सगळं आलेलं असतं. रविवारी नवीन काही घडत नाही, शनिवारचाच भाव पुढं चालतो. म्हणून गुरुवार संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत बाजार खऱ्या अर्थानं चालला तो गुरुवारची रात्र आणि शुक्रवार, एवढाच.

एका दिवसात सोनं किती हलतं? साध्या दिवसांत अर्धा ते एक टक्का, वर किंवा खाली. गडबडीच्या काळात दोन, कधी तीन. 96,000 वर एक टक्का म्हणजे 960 रुपये. दीड दिवसासाठी मी सढळ हातानं दोन टक्के धरले, म्हणजे दोन हजार मागेपुढे. तेव्हा "आजचा भाव 94 ते 98 हजारांच्या मध्ये असणार, 24 कॅरट, कर सोडून" हे मी छातीठोक सांगू शकत होतो. "96,000 आहे" हे सांगू शकत नव्हतो.

दिवस जास्त झाले तर हा पट्टा वाढतो, पण दिवसांच्या पटीत वाढत नाही. एक दिवस वर, एक दिवस खाली असं काही प्रमाणात फिटत जातं. बाजाराच्या चार दिवसांत पट्टा एका दिवसाच्या चौपट होत नाही, दुप्पट होतो. नऊ दिवसांत तिप्पट, सोळा दिवसांत चौपट. दिवसाला एक टक्का धरला तर तीन आठवड्यांपूर्वीचा भावसुद्धा साधारण चार टक्क्यांच्या आत मदतीला येतो. शिळा भाव टाकून द्यायचा नसतो, त्याच्याभोवती योग्य रुंदीचा पट्टा घालायचा असतो.

हा अंदाज कधी फसतो तेही सांगायला हवं. सरकारनं आयात कर बदलला तर तो एका फटक्यात मोडतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचा आयात कर 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणला. जगात सोनं फारसं हललं नसताना आपल्याकडं त्याच दिवशी तोळ्यामागं हजारोंनी उतरलं. म्हणून पट्टा सांगण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारतो: मधल्या दिवसांत अर्थसंकल्प, युद्ध, कराची घोषणा असं काही मोठं ऐकलंय का? ऐकलं असेल तर पट्टा सांगायचा नाही, सरळ "थांबा" म्हणायचं.

रेडिओवरच्या दोन वाक्यांतून

तात्यांकडं सेलवर चालणारा रेडिओ आहे. शनिवारी रात्रीच्या बातम्यांत त्यांनी दोन गोष्टी ऐकल्या होत्या: जगाच्या बाजारात सोनं एक टक्क्यानं चढलं, आणि डॉलरसमोर रुपया 43 पैशांनी घसरला. भाव कुणी सांगितला नव्हता. पण एवढ्यावर पट्टा बराच अरुंद करता येतो.

कारण आपला भाव असा बनतो. जगात सोनं डॉलरमध्ये आणि औंसात बोलतात. सोन्याचा औंस 31.1 ग्रॅमचा. त्याचे ग्रॅम करायचे, डॉलरचे रुपये करायचे, वर आयात कर चढवायचा, आणि शेवटी गिऱ्हाईक घेताना 3 टक्के जीएसटी. ही सगळी साखळी गुणाकाराची आहे. गुणाकारात एक कडी टक्काभर वाढली की शेवटचं उत्तरही टक्काभर वाढतं. म्हणून पहिल्यापासून हिशेब मांडायची गरज नाही. गुरुवारच्या भावात आयात कर, वाहतूक, इथल्या बाजाराची कमी-जास्त मागणी हे सगळं आधीच मुरलेलं आहे. त्यानंतर फक्त दोन कड्या हलल्या, सोनं आणि डॉलर. तेवढेच टक्के त्यात घालायचे.

सोनं एक टक्का वर. डॉलर गुरुवारी 86 रुपयांच्या आसपास होता, त्यावर 43 पैसे म्हणजे अर्धा टक्का. रुपया घसरला म्हणजे डॉलर महागला, म्हणून तोही वरच्याच अंगाला. माणसं नेमकी इथं चुकतात. "घसरला" ऐकलं की वजा करतात. रुपया घसरला की आपलं सोनं चढतं. दोन्ही मिळून दीड टक्का. 96,000 वर दीड टक्का 1,440, म्हणजे 97,440. 22 कॅरटचा ग्रॅम 8,800 वरून 8,930 च्या जवळपास. आता मला "साडेसत्त्याण्णव हजारांच्या आसपास, पाचशे इकडं-तिकडं" असं म्हणता येत होतं, आणि ते कशावरून काढलं तेही सांगता येत होतं. बातमीतले आकडे गोल केलेले असतात, म्हणून ते पाचशे सोडायचे नाहीत.

हाच डॉलरचा धागा धरून आणखी एक प्रश्न सुटला. तात्यांचा धाकटा मुलगा दुबईत आहे आणि महिन्याला 2,000 दिरहम पाठवतो. दिरहमचा आजचा दर कुणालाच माहीत नव्हता. पण दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे: 1 डॉलरला 3.6725 दिरहम, रोज तेवढेच. तेव्हा डॉलर कळला की दिरहम कळला. 86.43 भागिले 3.6725, म्हणजे 23 रुपये 53 पैसे. 2,000 दिरहमचे साधारण 47,000. पैसे पाठवणारी कंपनी मधे थोडं कापते, म्हणून हातात त्याहून जरा कमी पडतील. सौदीचा रियालही असाच बांधलेला आहे, डॉलरला 3.75. कुवेतच्या दिनारला मात्र ही रीत लावू नका, तो अनेक चलनांच्या मिश्रणाला बांधलाय.

पण अक्काला भाव हवा कशाला?

इथवर येईपर्यंत माझ्याकडून एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. ती खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारायची.

"अक्का, घ्यायचंय की मोडायचंय?"

"दोन्ही न्हाई रे. पोराच्या कॉलेजची फी भरायची हाय, बुधवारपर्यंत. एक लाख धा हजार. पाटल्या बँकेत ठेवायच्या म्हणते. तेवढ्यात भागेल का बोरमाळ पण घेऊन जाऊ?"

म्हणजे अक्काचा प्रश्न भावाचा नव्हताच. प्रश्न असा होता की पाटल्यांवर 1,10,000 मिळतील का. असा प्रश्न आला की मी हिशेब उलट्या बाजूनं करतो. आजचा भाव किती, हे शोधायचं नाही. भाव कितीवर आला तर अक्काचं उत्तर बदलेल, ते शोधायचं.

पाटल्या आणून बघितल्या. आत 22K916 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क नंबर होता, बिलावर वजन 20 ग्रॅम. खडा नाही, लाख नाही. बँक सोन्याच्या किमतीच्या पाऊण भाग कर्ज देते असं धरलं, तर 1,10,000 साठी सोन्याची किंमत किमान 1,46,667 हवी. 20 ग्रॅमवर वाटली की ग्रॅमला 7,333 रुपये. म्हणजे 22 कॅरटचा भाव 7,333 च्या खाली गेला तरच पाटल्या अपुऱ्या पडतील. गुरुवारी तो 8,800 होता. तिथपर्यंत यायला भावाला जवळजवळ 17 टक्के पडावं लागेल, आणि आपला पट्टा दोन टक्क्यांचा. दोन्हींची कुठं गाठच पडत नाही.

शिवाय तारणाच्या बाबतीत बँक आजचा भाव धरतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यातला कमी असेल तो धरायचा असतो. आणि तो नुसत्या सोन्याचा. मजुरी, खडे यांना किंमत नाही. सोनं महिनाभर चढत असेल तर सरासरी आजच्यापेक्षा खाली असते. समजा सरासरी 8,400 निघाली: 20 ग्रॅमचे 1,68,000, त्याचा पाऊण भाग 1,26,000. तरीही पुरतं. मला आजचा भाव कळला असता तरी तो बँकेच्या टेबलावर लागू झाला नसता.

अक्काला सांगितलं, "पाटल्याच ने, बोरमाळ घरी ठेव." तिचा चेहरा सैल झाला. बोरमाळ तिच्या आईची आहे.

बोरमाळेवर असा हिशेब का चालला नसता

समजा उलटं असतं आणि अक्का बोरमाळच मोडायला निघाली असती. तेव्हाही मी भावाच्या मागं लागलो नसतो, कारण तिथं खरी अनिश्चिती भावाची नसते. बोरमाळेचे मणी म्हणजे पातळ सोन्याचा पत्रा आणि आत लाख. तराजूवर 16 ग्रॅम भरलं तरी त्यातलं सोनं किती, हे मणी उघडून लाख काढल्याशिवाय कळत नाही. एका माळेत लाख दोन ग्रॅम निघेल, दुसरीत पाच. ग्रॅमला 8,800 नं तीन ग्रॅमचा फरक म्हणजे 26,400 रुपये. भावातल्या दोन टक्क्यांनी 16 ग्रॅमवर जास्तीत जास्त 2,800 चा फरक पडतो. त्यात जुनी माळ, शिक्का नाही. सोनं 22 चं की 20 चं हे तपासणीनंतरच कळणार. वर मोडीला तूट कापतात, ती प्रत्येक दुकानाची वेगळी.

म्हणून मोड विचारणाऱ्याला मी भावाआधी तीन गोष्टी विचारतो: आत लाख किंवा खडे आहेत का, शिक्का आहे का, बिल आहे का. भाव दोन टक्क्यांनी चुकला तर दोन-तीन हजार रुपये हलतात. लाखेचा अंदाज चुकला तर पंचवीस हजार हलतात. माणूस मात्र रात्रभर भावाचाच घोर लावून बसतो, कारण टीव्हीवर भाव दिसतो आणि लाख दिसत नाही.

पट्टा कुठं पुरत नाही

काही प्रश्नांना खरोखर त्या क्षणाचाच आकडा लागतो. तात्यांचा मेव्हणा कोल्हापुरात 50 ग्रॅमचं गंठण ठरवून आला होता, आणि भाव "पैसे द्यायच्या दिवशीचा" ठरला होता. सोमवारी पैसे द्यायचे. त्यानं मला विचारलं असतं की नेमके किती घेऊन जाऊ, तर पट्टा सांगून मी त्याची फक्त अर्धी मदत केली असती. तिथं 22 कॅरट 8,800 धरून सोन्याचे 4,40,000, समजा 10 टक्के मजुरी मिळून 4,84,000, वर 3 टक्के जीएसटी धरून 4,98,520. रेडिओच्या हिशेबानं दीड टक्का वाढवला की 5,06,000 च्या घरात. म्हणून त्याला मी "5,10,000 घेऊन जा" म्हटलं असतं, पट्ट्याच्या वरच्या टोकाचे. देणाऱ्यानं वरचं टोक धरायचं, घेणाऱ्यानं खालचं. पण बिलावर कोणता भाव लागेल, ते सोमवारी दुकानातल्या फलकावर बघूनच. त्या बिलावर भाव, कॅरट, निव्वळ वजन, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहून घ्यायचे, म्हणजे पुढच्या वेळी कुणीतरी शिळा आकडा विचारला की त्याच्याकडं नीट ओळ असते.

आणि एक गोष्ट मी कधीच करत नाही. कुणी फॉरवर्ड केलेला भाव तारखेशिवाय आला असेल तर तो पुढं सांगत नाही. त्याच्या भोवती पट्टासुद्धा घालता येत नाही, कारण किती दिवसांचा पट्टा घालायचा तेच कळत नाही.

अक्का निघाली तेव्हा मी तिला पोराच्या वहीतल्या कागदावर लिहून दिलं, बँकेत दाखवायला नव्हे, तिच्या मनाला आधार म्हणून:

"गुरुवार संध्याकाळचा भाव: 22 कॅरट 1 ग्रॅम 8,800, जीएसटी सोडून. आज नक्की माहीत नाही, 8,600 ते 9,000 च्या मध्ये असेल. पाटल्या 20 ग्रॅम. बँकेनं ग्रॅमला 7,333 पेक्षा जास्त धरले तर फी भागते. बँक पाऊण भागापेक्षा कमी देत असेल तर तिथंच विचारायचं, किती टक्के देता."

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. सोमवारी पाऊस थोडा उघडला, तेव्हा ती पहिल्या बसनं खानापूरला गेली. बँकेत तिनं आधी तेच विचारलं: ग्रॅमला किती धरता, आणि त्याच्या किती टक्के देता. पाटल्यांवर फी भागली. बोरमाळ घरीच होती.